चार मिनिटं एकतीस सेकंद

पद्मजा आगाशे यांना दवाखान्यात पाठीमागे 'घड्याळबाई' म्हणत, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. राग येत असे म्हणावं, तर तसंही नव्हतं. सकाळी सात पन्नासला त्या दवाखान्याच्या फाटकातून आत शिरत, आणि फाटकावरचा दत्तोबा मनगटावरचं घड्याळ त्यांच्याकडे बघून लावत असे. सदाशिव पेठेतली बाई, बी.एस्सी. फिजिक्स, लग्न केलेलं नाही, कुणाची उधारी ठेवलेली नाही, आणि कुणाचं एक वाक्य फुकट ऐकून घेतलेलं नाही. अशा बाईला नाव ठेवायला लोकांना दुसरं काही सापडलं नाही, म्हणून घड्याळ सापडलं.

दवाखाना धर्मादाय होता. वरच्या मजल्यांवर बाळंतिणी, हाडं मोडलेले आणि काविळीचे. पद्मजाबाईंचं खातं मात्र तळघरात, जाड काँक्रीटच्या भिंतींमागे. तिथे कोबाल्टचं मशीन होतं. कर्करोगाच्या गाठीवर त्यातून किरण सोडायचे. रोग्यांच्या भाषेत याला 'शेक' म्हणत. शेकाला ना ऊब, ना उजेड, ना वास. रोगी टेबलावर झोपतो, सगळे बाहेर येतात, शिशाचं दार बंद होतं, आणि बाहेरच्या पॅनलवर पद्मजाबाई टायमर लावून बटण दाबतात. आत काय होतं ते कुणालाच दिसत नाही. दिसतो तो फक्त टायमर. म्हणजे सगळा कारभार सेकंदांचा, आणि सेकंद पद्मजाबाईंच्या हातात. अठरा वर्षं त्यांनी ते सांभाळले होते.

या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी, तिच्यावाचून पुढचं काही कळायचं नाही. मशीनच्या पोटात कोबाल्टची बोटभर लांबीची डबी असते. तिला 'सोर्स' म्हणतात. हा सोर्स आपला आपणच झिजत असतो. वापरा, नका वापरू, सुट्टी असो की संप असो, त्याला देणंघेणं नाही. सव्वापाच वर्षांहून थोड्या जास्त काळात त्याचा जोर निम्मा होतो. त्यानंतर तेवढ्याच काळात तो संपतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. उरलेल्याचा निम्मा होतो, म्हणजे पाव उरतो. मग पावाचा निम्मा. दर महिन्याला शंभरातला एक आणि किंचित वर एवढा जोर जातो. पण तो शंभर त्या महिन्याचा, पहिल्या दिवसाचा नव्हे. जोर कमी झाला की तेवढाच शेक द्यायला वेळ जास्त लागतो. पहिल्या दिवशी दोन मिनिटं लागत असतील, तर जोर निम्मा झाल्यावर चार.

हे पद्मजाबाईंना शिकवलं यज्ञेश्वर ठोसरांनी. ठोसर त्या खात्याचे फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचा हिशेब बघणारे. धोतर, कोट आणि तपकीर. ते दर वर्षी जानेवारीत एकदाच वेळांचा तक्ता करत, पॅनलशेजारच्या टेबलावर काचेखाली सरकवत आणि वर्षभर त्याला हात लावत नसत. पुढच्या महिन्यांसाठी त्यांनी एका पुठ्ठ्यावर बारा गुणक लिहून दिले होते. जानेवारी एक, फेब्रुवारी एक पूर्णांक अकरा सहस्रांश, असं वाढत वाढत डिसेंबरला एक पूर्णांक एकशे अठ्ठावीस सहस्रांश. महिन्याच्या पहिल्या तारखेला काचेखालचा आकडा घ्यायचा, पुठ्ठ्यावरच्या गुणकाने गुणायचा आणि तो वेळ लावायचा. "तक्ता माझा, महिना तुमचा," असं ठोसर म्हणत. पुठ्ठा दोऱ्याने खिळ्याला टांगलेला होता आणि दसऱ्याला त्यालाही फूल मिळे.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीचा तक्ता करून ठोसर निवृत्त झाले. फेब्रुवारीत श्याम दातार आले. वय एकोणतीस, मुंबईहून शिकून आलेले, हडपसरहून स्कूटरवर येणारे. हुशार होते यात शंका नाही. ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मशीनखाली मोजणीचं यंत्र लावून जोर प्रत्यक्ष मोजत, आणि त्या महिन्याच्या मध्यावरचा नवा तक्ता टाईप करून काचेखाली ठेवत. नव्या शाळेची हीच पद्धत. आपण दर महिन्याला नवा तक्ता ठेवतो हे त्यांनी आगाशेबाईंना सांगितलं नाही. तक्ता दर महिन्याला नवाच असतो, त्यात सांगायचं काय?

आणि आगाशेबाईंनी विचारलं नाही. काचेखालचा कागद बदलतो हे त्यांनी पाहिलं होतं, पण साहेबांना टाईप नेटका लागतो, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. आकडा दोन-तीन सेकंदांनी सरकलेला. पन्नास आकड्यांच्या तक्त्यात ते लक्षात यायचं नाही. शिवाय आल्या आल्या दातार पुठ्ठ्याकडे बघून म्हणाले होते, "हे संग्रहालयात द्यायचं राहिलं वाटतं?" त्या दिवसापासून बाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. आपल्या गावात माणसं उपाशी राहतील, पण 'मला माहीत नाही, जरा सांगता का' एवढं म्हणणार नाहीत. ठोसर, दातार, आगाशेबाई, तिघेही शहाणे आणि तिघेही तोंड मिटून.

बायडाबाई नोव्हेंबरच्या नऊ तारखेला आल्या. वारज्याच्या, शेतकरी घरच्या, पन्नाशीच्या आसपास. निम्मा जन्म गालात मिश्री. उजव्या गालाच्या आत गाठ. डॉक्टर उल्का वैशंपायन यांनी बत्तीस शेक लिहून दिले, दर शेकाला दोनशे रॅड, एकूण चौसष्टशे. रॅड म्हणजे किरणांच्या मापाचं नाव. चौसष्टशेला गाठ मरते आणि जबडा वाचतो. सत्तरशेच्या वर गेलं की जबड्याच्या हाडाचा भरवसा राहत नाही. हाड मरतं, गालाला भोक पडतं, माणूस जगतो पण घोट गिळू शकत नाही.

बायडाबाईंबरोबर नवरा असे, गेनबा. दोघं सकाळच्या बसने स्वारगेटला उतरत आणि तिथून चालत येत. गेनबा बाकावर बसून राही, बायडाबाई आत जाताना त्यांच्या हातातली पिशवी घेई आणि बाहेर आल्यावर परत देई. तेवढंच त्याचं काम, पण एक दिवस चुकला नाही.

तिसऱ्या आठवड्यातच बायडाबाईंचा गाल पेटला. आधी लाल, मग काळपट, आणि आतून सोललेला. हे व्हायचंच असतं, पण चौथ्या-पाचव्या आठवड्यात. पद्मजाबाईंनी अठरा वर्षांत शेकडो गाल बघितले होते.

"बायडाबाई, मिश्री सोडली नाहीत तुम्ही," त्या कडक आवाजात म्हणाल्या.

"न्हाई वो बाई. त्या दिसापास्नं बोट लावलं न्हाई. गळ्याची आण."

"मग हे असं कसं?"

"त्ये मी काय सांगू? तुमी सांगायचं."

डॉक्टर वैशंपायन म्हणाल्या, काहींची कातडी नाजूक असते, थोडं दूध-भातावर ठेवा. पण पद्मजाबाईंच्या डोक्यातला किडा वळवळायला लागला होता. दिवाळीनंतरच्या त्या घशाच्या रोग्याचंही असंच झालं होतं. हडपसरचे सर्जेराव, गूळवाले. त्याआधी एका म्हाताऱ्याचं. सगळ्यांचीच कातडी एकाच वर्षी नाजूक झाली?

सोमवारी, दहा डिसेंबरला, बायडाबाईंचा बाविसावा शेक झाला. त्या टेबलावरून उठल्या तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. नुसता हात हलवून त्यांनी गेनबाकडून पिशवी घेतली. पद्मजाबाई जिना चढून दातारांच्या खोलीत गेल्या. दहा महिन्यांत पहिल्यांदाच.

"सोर्स जास्त देतोय का, असं विचारायचं होतं."

दातारांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यात आठवडाभर भोपाळखेरीज दुसरं काही नव्हतं. "आगाशेबाई, कोबाल्ट म्हातारा होत जातो. तरुण होतो असं अजून तरी कुणाला आढळलेलं नाही."

"ते मला ठाऊक आहे. तक्ता बरोबर आहे ना?"

"एक तारखेला मोजलाय. शेकड्याला एकाचाही फरक नाही. तक्ता बरोबर, मशीन बरोबर. पेशंटची कातडी माझ्या खात्यात येत नाही."

बाई खाली आल्या. कानशिलं तापली होती. दातार खोटं बोलत नव्हते, हे त्यांना कळत होतं, आणि तेच जास्त बोचत होतं. तक्ता बरोबर असेल, मशीन बरोबर असेल, तर मग उरलं काय?

मंगळवारी त्या साडेसातलाच आल्या. दत्तोबाने घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं आणि नंतर दिवसभर गोंधळला.

पद्मजाबाईंनी मशीनच्या वह्यांचा गठ्ठा काढला. रोग्याच्या कार्डावर फक्त डोस लिहायचा असतो. मिनिटं-सेकंद लिहायचे ते मशीनच्या वहीत. ती वही त्यांचीच, दुसरं कुणी तिला हात लावत नसे. त्यांनी सगळ्यात जुनी काढली, हा सोर्स भरला त्या दिवसाची. तीन सप्टेंबर १९७९. त्या आठवड्यातच त्यांना हवं होतं ते सापडलं. एका बाईचा गाल, किरण सोडायचा झरोका आठ बाय आठ सेंटीमीटरचा, गाठीची खोली बायडाबाईंइतकीच, डोस दोनशे. वेळ: दोन मिनिटं शून्य सेकंद. बायडाबाईंचा शेक तंतोतंत असाच होता, फक्त पाच वर्षांनंतरचा.

मग त्यांनी पेन्सिल घेतली. कोबाल्ट निम्मा व्हायला पाच वर्षं आणि वर नव्व्याण्णव दिवस लागतात. तीन सप्टेंबर एकोणऐंशीपासून पाच वर्षं म्हणजे तीन सप्टेंबर चौऱ्याऐंशी. पुढे सप्टेंबरचे सत्तावीस दिवस, ऑक्टोबरचे एकतीस, नोव्हेंबरचे तीस. झाले अठ्ठ्याऐंशी. नव्व्याण्णवला अकरा कमी. अकरा डिसेंबर.

म्हणजे आज. आज सोर्स बरोबर निम्म्यावर आला होता, आणि ज्याला तेव्हा दोन मिनिटं लागली त्याला आज चार लागायला हवीत. कुठला गुणाकार नको, कुठला तक्ता नको, शाळेतल्या पोरानेही सांगावं असं गणित. त्यांनी आजची वही उघडली. काल, दहा तारीख. बायडाबाई. वेळ: चार मिनिटं एकतीस सेकंद.

एकतीस सेकंद जास्त!

काचेखालचा तक्ता बघितला. चार मिनिटं शून्य. खिळ्यावरचा पुठ्ठा बघितला. डिसेंबर, एक पूर्णांक एकशे अठ्ठावीस. चार मिनिटांना गुणलं की चार मिनिटं एकतीस. दोन्ही आकडे बरोबर होते. त्यांनी खणातून ठोसरांचा जानेवारीचा शेवटचा तक्ता काढला. त्यात याच झरोक्याला तीन मिनिटं तेहेतीस सेकंद. त्यालाच पुठ्ठ्याचा गुणक लावला तर येतात चार मिनिटं. ठोसर बरोबर. दातारांचा तक्ता आधीच डिसेंबरचा होता, त्यात झीज धरलेली होती. दातार बरोबर. आणि त्या झिजेवर दुसऱ्यांदा झीज धरली कुणी? फेब्रुवारीपासून, दर महिन्याला थोडी थोडी जास्त?

त्यांनी वहीतली पानं मागे उलटली. नोव्हेंबरात बायडाबाईंना चार मिनिटं पंचवीस, डिसेंबरात एकतीस. सहा सेकंद वाढलेले. महिन्याला फार तर तीन सेकंद वाढायचे असतात! हे सहा त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, खाली रेघ मारली होती, आणि त्यांना काही वाटलं नव्हतं. घड्याळबाई म्हणे! त्या खुर्चीवर बसल्या.

आणि मग मनात तो विचार आला. तो आला नसता तर त्या देवमाणूस ठरल्या असत्या. पण त्या माणूस होत्या, म्हणून आला.

जानेवारीचा गुणक एक. वीस दिवसांनी जानेवारी लागतो. एकाने गुणलं काय आणि न गुणलं काय, चूक आपोआप नाहीशी होते. आजच पुठ्ठा काढून पिशवीत टाकला, वही बदलली, आजपासून चार मिनिटं लावली, तर जगात कुणाला कळणार नाही. किरण दिसत नाहीत. कार्डावर दोनशे लिहिलेलं आहे, दोनशेच राहील. दातारांनी वही कधी उघडली नाही. अठरा वर्षांचं नाव जसंच्या तसं राहील.

बाहेर बाकावर माणसं येऊन बसायला लागली होती. गेनबाचा खोकला ऐकू आला. पहिला नंबर बायडाबाईंचाच असे.

पद्मजाबाईंनी पेन्सिल पुन्हा उचलली. आजवर बावीस शेक. नोव्हेंबरचे सोळा, प्रत्येकी दोनशे तेवीस आणि किंचित वर. डिसेंबरचे सहा, प्रत्येकी सव्वादोनशेच्या किंचित वर. बेरीज एकोणपन्नासशे पंचवीस. कार्डावर मात्र चव्वेचाळीसशे. उरलेले दहा शेक आता बिनचूक दिले तरी होतात एकोणसत्तरशे पंचवीस. गप्प राहून नेहमीसारखे दिले तर एकाहत्तरशेच्या वर. चौसष्टशेच्या जागी! बायडाबाईंचा जबडा वाचवायचा तर त्या दहातले काही शेक कापायला हवेत. आणि शेक कमी करायचे अधिकार डॉक्टरांचे. डॉक्टरांना कारण सांगायला लागणार.

गप्प राहायची सोय नव्हती. ती बाई आतून सोललेली होती आणि तिच्यावर मिश्रीचा आळ घेतला होता तो आपणच.

त्या दारापाशी आल्या. "आज मशीन बंद आहे. दातारसाहेब येईपर्यंत कुणालाही घेणार नाही."

"बिघाडलंय व्हय?" गेनबाने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. एवढंच बोलल्या आणि दार लावून घेतलं.

दातार दहाला आले. बाकावर नऊ रोगी बघून ते जिना उतरले तेच ओरडत. "कुणाला विचारून बंद केलंत? ही माणसं खेड्यापाड्यातून येतात, रोजचा शेक चुकवायचा नसतो, एवढं तरी…"

"बसा," पद्मजाबाई म्हणाल्या.

असा आवाज दातारांनी आधी ऐकला नव्हता. ते बसले. बाईंनी एकोणऐंशीची वही, आजची वही, दोन्ही तक्ते आणि पुठ्ठा एका ओळीत मांडले आणि बोट ठेवत ठेवत सगळं सांगितलं. मध्ये कुठे 'चुकून' म्हणाल्या नाहीत, 'नकळत' म्हणाल्या नाहीत. दातारांनी खिशातला कॅल्क्युलेटर काढला. दोनदा केलं. तिसऱ्यांदा कागदावर केलं.

"तुम्ही गुणत होतात?" ते अगदी हळू म्हणाले. "माझ्या तक्त्याला?"

"हो."

"पण तो दर महिन्याला…" आणि ते थांबले. कुणाला सांगितलं होतं, हे ते आठवून बघत असावेत. आठवण्यासारखं काही नव्हतं. वही त्यांच्यापासून चार हातांवर दहा महिने पडून होती. चेहरा पांढराफटक पडला आणि एकोणतीस वर्षांचा तो हुशार माणूस एकदम पोरसवदा दिसायला लागला.

"आगाशेबाई," ते म्हणाले, "पुठ्ठा काढून टाकू. आजपासून चार मिनिटं देऊ. ट्रस्टींना कळलं तर खातं बंद करतील. भोपाळनंतर सगळे आधीच घाबरलेत. मग या नऊ जणांना कोण देणार शेक?"

वाईट माणूस नव्हता तो. घाबरलेला होता. हेच सगळं दोन-अडीच तासांपूर्वी आपल्याही मनात येऊन गेलं, हे बाईंना सांगता आलं असतं, पण त्यांनी सांगितलं नाही.

"बायडाबाईंचे उरलेले किती द्यायचे, तेवढं सांगा मला," त्या म्हणाल्या. "गणित तुमचं खातं आहे ना?"

दातारांनी कॅल्क्युलेटरकडे बघितलं. चौसष्टशेतून एकोणपन्नासशे पंचवीस गेले. उरले चौदाशे पंचाहत्तर. भागिले दोनशे. "सात," ते म्हणाले. "सात द्यायचे. दहा नाहीत."

"मग हे सात कार्डावर कोण लिहिणार?"

दातार उठले. दोघं मिळून डॉक्टर वैशंपायनांकडे वर गेले. वह्यांचा गठ्ठा दातारांनी उचलला होता.

डॉक्टर जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते ऐकून घेण्यात पद्मजाबाईंना एक तऱ्हेचं बरं वाटलं, हेही खरं. शेवटी डॉक्टरांनी बायडाबाईंचं कार्ड ओढलं, बत्तीस खोडून एकोणतीस केलं आणि सही केली. बाकीच्या आठ जणांची कार्डंही तशीच दुरुस्त केली. ट्रस्टींना संध्याकाळपर्यंत लेखी कळवायचं ठरलं. वेळ दोघांनी वेगवेगळा काढायचा आणि जुळला तरच बटण दाबायचं, हे दातार स्वतःहून म्हणाले. "आणि पेशंटना?" डॉक्टरांनी विचारलं. "त्यांना मी सांगते," असं म्हणून त्या उठणार, तोच पद्मजाबाई म्हणाल्या, "बायडाबाईंना मी सांगणार. हात माझा होता."

बारा वाजायला आले होते. बायडाबाई बाकावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर गालाशी धरलेला. गेनबाच्या मांडीवर पिशवी. पद्मजाबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि मग उभं राहून सांगण्यासारखं हे नाही असं वाटून बाकावरच बसल्या. अठरा वर्षांत त्या बाकावर त्या कधी बसल्या नव्हत्या.

"बायडाबाई, तुमचं काही चुकलेलं नाही. मिश्रीचं मी म्हणाले ते खोटं. तुम्हाला शेक जास्त दिला गेला. रोज थोडा थोडा. आठ दिवस शेक दिला की नवव्या दिवसाचाही त्यातच देऊन झाला, असा. वेळ मी लावत होते. माझ्या हातून झालं."

गेनबाने पिशवी खाली ठेवली. त्याच्या मानेची शीर ताठ झाली. "म्हंजी? ही पंधरा दिस वरडत हुती, तवा तुमी हिलाच…"

बायडाबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बोलताना त्यांना दुखत होतं, म्हणून एक एक शब्द सुटा येत होता. "आता काय व्हईल?"

"उरलेले दहा होते, त्यातले तीन कापले. सातच द्यायचे. जास्त गेलं ते त्यातून वळतं होईल. जबड्याला धोका राहू नये, असं डॉक्टर म्हणतात. मी शपथेवर नाही सांगू शकत. पण सात दिले तर तुमचा आकडा जागेवर येतो. आज दातारसाहेब माझ्या शेजारी उभे राहतील. तुम्हाला दुसऱ्या दवाखान्यात जायचं असेल, तर कागद करून देतो."

बायडाबाईंनी शिव्या द्याव्यात, रडावं, उठून जावं, काहीही करावं, पद्मजाबाई वाट बघत होत्या. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"माजं ऱ्हायलंय म्हनून कापता आलं," बायडाबाई म्हणाल्या. "त्ये हडपसरचे सर्जेराव. माज्या शेजारी बसायचे हितंच. त्यांचं तर गेल्या म्हैन्यात सरलं की. प्येडं वाटून गेले." त्यांनी मान वर केली. "त्यांचं कशातनं कापनार, बाई?"

सर्जेरावांचे तेहेतीस शेक पुरे झाले होते. सहासष्टशेवर आणखी सातशे रॅड गेले होते, आणि एकदा आत गेलेलं कुणाला काढून घेता येत नाही. आधीच्या पानांवर आणखी कोण कोण होतं, किती जणांनी पेढे वाटले होते, ते पद्मजाबाईंच्याच अक्षरात वहीत होतं.

पद्मजाबाई उठल्या. आत जाऊन दातारांच्या शेजारी उभ्या राहिल्या. दोघांनी वेगवेगळा वेळ काढला, तो जुळला, आणि बायडाबाईंना चार मिनिटं शेक दिला. त्यानंतर उरलेल्या आठ जणांना. शेवटचा रोगी गेल्यावर त्यांनी वही फेब्रुवारीच्या पानावर उघडली, कोरा कागद घेतला आणि पहिलं नाव, गाव आणि पत्ता लिहायला सुरुवात केली. दातारांनी खुर्ची ओढली आणि प्रत्येक नावापुढे किती जास्त गेले तो आकडा ते घालत गेले. एप्रिलपर्यंत अकरा नावं झाली.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर त्या हडपसरच्या बसमध्ये बसल्या. सर्जेरावांचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. ते गादीवर बसले होते. घशाला हात लावून हसले, म्हणाले, "या बाई, या! आवाज बसलाय अजून, पन बरं हाय. तुमच्या हातानं जीव वाचला." आणि गुळाचा खडा त्यांनी पुढे केला.

पद्मजाबाईंनी तो घेतला नाही. "सर्जेराव," त्या म्हणाल्या, "आधी मी काय सांगते ते ऐका."